सर्व बांध साफ करावेत

दोन वर्षांपूर्वी, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सिंधुदुर्गातल्या आमच्या सामाईक शेतीचे सगळे बांध मशीनने कापले गेले. जिथे मशीन चालत नव्हते तिथे दुपारच्या उघडिपीत तणनाशक मारले गेले. तसे करायला सांगणारा मजकूर मी लिहिला होता. काळाचौकीच्या घरी बसून, मोबाइलवर, काही मिनिटांत.

शेती मोठी नाही. घराच्या खालच्या बाजूला भाताचे अकरा कोपरे आहेत. कोपरा म्हणजे आमच्याकडे बांधांनी वेढलेला भाताचा एक तुकडा, आणि बांधाला गावात मेर म्हणतात. सातबाऱ्यावर चार घरांची नावे आहेत. त्यातली तीन घरे मुंबईत: काळाचौकीला थोरले काका आणि त्याच चाळीत वरच्या मजल्यावर मी, गिरगावात आत्या, वरळीला एक चुलतभाऊ. चौथे घर गावात. तिथला चुलतभाऊ तालुक्याला टेम्पो चालवतो. शेती त्याची बायको करते. ती माझी वहिनी. मी वयाने तिच्यापेक्षा मोठा आहे, पण नात्याने भावजी.

त्याआधीची दोन वर्षे वहिनीने मेरांवर वेगळे काम सुरू केले होते. लावणी झाली की ती मेरांवर तीळ आणि चवळी टोकत असे. तिरडा, कुर्डू, गवत, जे आपोआप येते ते ठेवत असे. भातावर फवारणी तिने बंद केली होती. कृषी सहायक बाईंनी तिला भाताच्या बुंध्याशी वाकून बघायला शिकवले होते: तुडतुडे किती, कोळी किती, आणि त्यावरून ठरवायचे. मेरेवरची फुले ती तिळाच्या पिकासाठी किंवा चवळीच्या शेंगांसाठी जपत नव्हती. तुडतुड्यांच्या अंड्यांत आपली अंडी घालणारी एक गांधीलमाशी असते. ती डोळ्यांना जेमतेम दिसते. तिची पिल्ले तुडतुड्याचे अंडे खाऊन वाढतात, पण मोठी झालेली माशी फुलातला मध पिऊन जगते. भातात मध नाही. मेरेवर फूल असेल तर ती जास्त दिवस टिकते आणि जास्त अंडी शोधते. कोळ्यांचे कारण वेगळे. भात लावला जातो तेव्हा कोपऱ्यात काहीच नसते. कोळी मेरेवरच्या गवतात असतात, आणि तिथून भातात उतरतात.

हे मला तेव्हा माहीत नव्हते. मला एवढेच माहीत होते की वहिनी मेरा कापत नाही, आणि गावात त्यावरून बोलले जाते.

आमच्या तीन घरांची एक पद्धत आहे. आषाढातल्या शेवटच्या रविवारी सगळे काकांच्या खोलीवर जमतात. गणपतीला कोण कधी निघणार, घराला रंग काढायचा का, विहिरीचा पंप चालतो का, हे तिथे ठरते. काका गिरणीत लूम खात्यात होते. गिरणी बंद होऊन कितीतरी वर्षे झाली, पण बैठक ते अजून पाळी सुरू होण्याच्या वेळेसारखी घेतात. उशिरा येणाऱ्याला चहा मिळत नाही.

त्या वर्षी विषय एका फोटोने ठरला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुलतभावाने नव्या टेम्पोचा फोटो टाकला होता. टेम्पोच्या मागे आमची मेर दिसत होती. गवत कमरेएवढे.

“शेती आहे की राणीचा बाग?” वरळीचा भाऊ म्हणाला.

“हसू नको,” आत्या म्हणाली. “गणपतीत माझी नातवंडं त्या वाटेनं देवळात जाणार. पायाखाली काय निघेल सांगता येतं?”

काकांनी वहिनीला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“काय गो, मेरा कापणार की नाय यंदा?”

“वाटेच्या कडेन दीड हात मोकळां करतंय, काका,” वहिनी म्हणाली. “आतल्या मेरांक हात लावू नकात. तीळ आता फुलाक येतले.”

“बरं, बरं. माणूस आम्ही बघतो. तू काय काय करशील एकटी?”

“माणूस येवंदे. फक्त आतला ठेवा.”

“ठेवतो गो.”

फोन ठेवल्यावर काका माझ्याकडे वळले. शेजारच्या वाडीत एक माणूस ग्रास कटर घेऊन कामे करायचा. त्याला काय सांगायचे ते मी लिहून पाठवायचे ठरले. लिहिण्याचे काम माझ्याकडेच येते. मी पंचवीसहून अधिक वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातम्या कापत आलो आहे.

मी लिहिले: “घरापासून देवळापर्यंतच्या वाटेला लागून असलेले बांध दीड हात साफ करावेत. आतील बांध तसेच ठेवावेत.” मग वाचून पाहिले. दोन वाक्ये, दोन सूचना, दुसरी पहिलीच्या उलट. माणूस मोबाइलवर वाचणार. मी ते एका ओळीत आणले: “गणपतीपूर्वी सर्व बांध साफ करावेत.” वहिनी तिथे उभी असेल, ती काय ठेवायचे ते दाखवेल, असे मी धरून चाललो. काकांनी ओळ वाचली आणि “मशीन लागत नसेल तिथे औषध मारावे” हे सांगितले. मी तेही लिहिले.

नागपंचमीला वहिनी माहेरी गेली होती. आमच्याकडे त्या दिवशी कापत नाहीत, खणत नाहीत. म्हणून तो माणूस दुसऱ्या दिवशी आला. वहिनी तिसऱ्या दिवशी परतली.

तिने मला फोन केला तो संध्याकाळी. मी ऑफिसात होतो.

“भावजी, तुमी काय लिवलात?”

मी ओळ वाचून दाखवली.

“दीड हात खय गेलो?”

मी म्हणालो, तो मी काढला. ती म्हणाली, “बरां. ठेवतंय,” आणि फोन ठेवला.

गणपतीच्या चार दिवस आधी तिचा पुन्हा फोन आला.

“भावजी, एक काम करशात? दादरसून माटवीचां सामान घेवन येवा. हय काय्येक रवलां नाय.”

माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली फळे, फुले, पाने बांधतात. प्रत्येक घराच्या माटवीची यादी थोडी वेगळी असते. आमच्या माटवीला नऊ वस्तू लागतात. नारळ, सुपारीचे शिपटे म्हणजे घड, आणि आंब्याचा टाळ परसातून येतात. उरलेल्या सहा मेरांवरून: तिरडा, हरणाची पिवळी फुले, कळलावी, शेरवडाची पांढरी पाने, कांगणी आणि कवंडळ. कवंडळ हे वेलीचे फळ. लिंबाएवढे, पिकले की लालभडक. ते मधोमध लागते.

दादरला स्टेशनबाहेर पुलाखाली दरवर्षी हे सगळे विकायला येते. पाटीवाल्या बायका आदल्या दिवसापासून बसलेल्या असतात. मी सहाही वस्तू एकीकडूनच घेतल्या. ती कळलावी ओल्या फडक्यात गुंडाळत होती.

“चाळीतला गणपती का?” तिने विचारले.

“नाही. गावी न्यायचंय. सिंधुदुर्गात.”

तिने हात थांबवला. शेजारणीकडे पाहून म्हणाली, “ऐकलंस का? हे कोकणात घेऊन चाललेत!”

“तिकडे संपलं काय रान?” शेजारीण म्हणाली.

“कवंडळं दोन जास्त घ्या,” पहिली मला म्हणाली. “बसमध्ये एखादं फुटतं.”

मी तीन घेतली. रात्रीच्या बसला वेळ होता म्हणून पिशवी ऑफिसात नेली. तिथे दोघांनी ती कसली फळे आहेत म्हणून विचारले. खायची नाहीत, एवढे मी सांगितले.

चतुर्थीच्या सकाळी काका माटवीखाली उभे राहिले. बांधायचे काम त्यांचे असते. ते यादी पुटपुटत एकेक वस्तू बांधत गेले. कवंडळाशी थांबले. फळाला देठ आखूड होता. घरचे कवंडळ वेलीच्या तुकड्यासकट आणतात.

“ह्यां खयचां?”

“दादरचां,” वहिनी म्हणाली. ती चुलीपाशी होती. मागे वळली नाही.

काकांनी फळ बांधले. आत्याने नातवंडांना वाटेने देवळात नेऊन आणले. वाट स्वच्छ होती. त्याबद्दल ती चांगले बोलली, आणि ते खरे होते.

विसर्जनानंतर माटवीचे सामान झाडाच्या बुंध्याशी टाकतात. वहिनीने तीन कवंडळे बाजूला काढली, फोडली, बिया राखेत घोळवून वर्तमानपत्राच्या कागदावर सुकत ठेवल्या. कागद माझ्याच पेपरचा होता. बसमध्ये वाचायला नेलेला.

नवरात्रात तिने फोटो पाठवले. मधल्या तीन कोपऱ्यांत भाताचे पट्टे वाळून तांबूस झाले होते, भाजल्यासारखे. तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात. वरून बघणाऱ्याला पट्टा जळेपर्यंत काही कळत नाही. कृषी सहायक बाई येऊन गेल्या. त्यांनी कोपऱ्यातले पाणी काढायला सांगितले आणि फवारायचेच असेल तर पट्ट्याच्या कडेने बुंध्याशी फवारा, सगळ्या शेतावर नको, असे सांगितले. सगळीकडे मारले तर उरलेसुरले कोळीही मरतात आणि तुडतुडे अंड्यांतून परत येतात. वहिनीने तसे केले. तीन कोपऱ्यांतले भात निम्म्याहून कमी आले.

मी बातमीच्या सवयीने दुसरी बाजू विचारायची ठरवली. एका कामानिमित्त कीटकशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा नंबर माझ्याकडे होता. ते माटुंग्याला राहतात. मी त्यांना सरळ विचारले: बांध कापले म्हणून हे झाले का?

“एका वर्षावरून मी तसं सांगणार नाही,” ते म्हणाले. “तुमच्या शेजाऱ्याच्या शेतात होते का तुडतुडे?”

होते. काही ठिकाणी जास्त, काही ठिकाणी कमी.

“मग वर्षच तुडतुड्यांचं असेल. पण तुमच्या वहिनींकडे जो लगाम होता तो ऐन वाढीच्या वेळी काढला गेला, हे खरं. फुलं गेली, कोळ्यांची घरं गेली, सगळी एकाच दिवशी. कापायला हरकत नसते हो. सगळं एकदम कापायला हरकत असते. निम्मं कापा, ते वाढेपर्यंत निम्मं ठेवा. कीटकांना पलीकडे जायला जागा हवी.”

मी हे टिपून वहिनीला पाठवले. तिने उत्तर दिले: “ह्यां मी आषाढात सांगलेलंय.”

पुढच्या आषाढात वहिनी बैठकीला स्वतः मुंबईत आली. आधी कधी आली नव्हती. गावाकडच्या घरातर्फे चुलतभाऊ येई, तेही क्वचित. ती सकाळी परळला उतरली आणि चालत काळाचौकीला आली. काकूने तिला आंघोळीला पाणी दिले. बैठक सुरू झाली तेव्हा ती दाराशी पाटावर बसली होती. हातात काही नव्हते.

विषय वरळीच्या भावाने काढला. त्याच्या ओळखीचा एक जण सगळी शेती साफ करून देणार होता. जेसीबी लावून मेरा रुंद आणि सारख्या करायच्या, दरवर्षी दोनदा तणनाशक, कटकट संपली. तिन्ही मुंबईकर घरांनी हो म्हटले तर काम पावसाळ्यानंतर सुरू होणार होते. एकदा मेरा उखडल्या की वहिनीचे तीन वर्षांचे काम तिथेच संपत होते. हे तिला ठाऊक होते आणि म्हणूनच ती आली होती.

“वहिनी, सीधी बात बोलतो,” भाऊ म्हणाला. “राग मानू नको. फुलांनी पोट भरतं का?”

“किड्यांचा भरतां,” वहिनी म्हणाली.

“मग किड्यांना सांग भात लावायला.”

आत्या हसली. काकू आतून म्हणाली, “तू तरी कधी लावलास रे भात? वरळीच्या गच्चीत?”

“एक मिनिट,” काका म्हणाले. “माझा प्रश्न फुलांचा नाय. मेरेर गवत वाढलं की उंदीर बीळ करतो. खेकडा करतो. पाणी खालच्या कोपऱ्यात जातं. ते मी लहानपणी डोळ्यांनी बघितलंय. त्याचं काय?”

वहिनी म्हणाली, “बरोबर आसा, काका. म्हणान मी मेरा रुंद करूक देणंय नाय. रुंद मेर म्हणजे उंदराचां घर. अरुंद ठेवायची, आषाढात बिळां चिखलान बुजवायची. ता मी करतंय. गेल्या साली फुटली ती मेर खयची होती? औषध मारलेली. मुळां मेली, माती सुटली.”

“फुटली होती?” काकांनी माझ्याकडे पाहिले. मला माहीत नव्हते.

“आणि साप?” आत्या म्हणाली.

“वाटेच्या दोनय बाजूंक दीड हात रोज मोकळो. तुमच्या नातवंडांच्या पायाखाली गवताचां पान येवचां नाय. आतल्या मेरेर साप असतलो. तो उंदीर खाता.”

आत्याला हे पटलेले दिसले नाही.

मग वहिनी काकांना म्हणाली, “काका, तुमीच सांगा. आपल्या माटवीक काय काय लागतां?”

“हे काय विचारणं झालं?”

“सांगा तरी.”

काका ताठ बसले. ही यादी त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवली होती आणि ती घरात त्यांच्याइतकी कोणाला येत नव्हती. “नारळ. सुपारीचं शिपटं. आंब्याचा टाळ. तिरडा—”

“तिरडो खयच्या मेरेर?”

“खालच्या. ओहोळाच्या बाजूची.”

“हरणां?”

“मधली उंच मेर. तिथं पाणी थांबत नाय.”

“कळलावी?”

“कुंपणाच्या वईकडची. कंद आहे तिथं, आमच्या आजीच्या वेळेपासून.”

“शेरवड?”

“त्याच्याच पुढे, मेरेच्या टोकाला.”

“कांगणी?”

“देवळाकडच्या मेरेर, झुडपावर.”

“कवंडळ?”

“वयल्या मेरेर, भेरल्या माडाच्या बुंध्यात. वेल वर चढते. काठीनं काढावी लागतात.” त्यांनी हाताने काठी दाखवली.

“नाय आता,” वहिनी म्हणाली. “मशीन लागली नाय तिथं. औषध मारलेलां. वेल मुळासकट गेली. कळलावीचो कंद फुटलो, तो वाचलो. शेरवडाक पाला येता हा. कवंडळ नाय.”

मेरांवरच्या वस्तू मोजताना काकांनी मिटलेली पाच बोटे अजून तशीच होती.

“जेसीबी आलो तर सगळ्यो मेरा जातल्यो,” वहिनी म्हणाली. “मग भावजी दरसाल दादरसून हाडतले. माझां काय म्हणणां नाय.”

वरळीचा भाऊ म्हणाला, “अरे, माटवीसाठी शेती ठेवायची का आता?”

“तू गप,” काका म्हणाले. चहा आला. उशिरा आलेल्या भावालाही मिळाला.

शेवटी त्यांनी मला कागद घ्यायला सांगितले. “लिही. आणि एक शब्द गाळशील तर बघ. पेपरवाला आहेस, मला माहीत आहे तुझी खोड.”

मी लिहिले. मेरांवर कुठलेही तणनाशक मारू नये. मेरा रुंद करू नयेत. वाटेच्या दोन्ही बाजू दीड हात साफ ठेवाव्यात. आतल्या मेरा एक सोडून एक कापाव्यात, कापलेली मेर पुन्हा वाढल्याशिवाय दुसरी कापू नये. तीळ फुलात असताना कुठलीच आतली मेर कापू नये. बिळे आषाढात बुजवावीत. भातावर फवारणी करायची की नाही ते वहिनी बुंध्याशी बघून ठरवेल. काकांनी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून घेतले. आत्याने सही केली. वरळीच्या भावाने “एक वर्ष बघू, नंतर परत बोलू” असे म्हणत सही केली. काकांनी ते वाक्यही लिहायला लावले. कागदाची एक प्रत काकांच्या देव्हाऱ्यामागे आहे, दुसरी वहिनीकडे.

ती त्याच दुपारी परत निघाली. मी तिला परळपर्यंत सोडायला गेलो. वाटेत लालबागला तिने हळद घेतली. बसची वाट बघताना मी म्हणालो की त्या ओळीबद्दल मला तिच्याशी बोलायचे होते.

“कसली ओळ?”

“दीड हाताची.”

“ती झाली, भावजी,” ती म्हणाली. “मी माहेराक गेलंय तेव्हा माणसाक सांगान जावंक होया होतां. तुमी गाळलात, मी सांगूक नाय.” बस आली.

गेल्या वर्षी लावणीनंतर तिने तीळ आणि चवळी टोकली. दादरच्या कवंडळाच्या बियांतल्या काही भेरल्या माडाच्या, म्हणजे वरच्या मेरेवरच्या त्या रानमाडाच्या, बुंध्यात लावल्या. चार उगवल्या. दोन गोगलगाईंनी खाल्ल्या. दोन वेली पावसाळा संपेपर्यंत माझ्या उंचीएवढ्या झाल्या, फुलल्या नाहीत. माटवीला पाच वस्तू मेरांवरच्या होत्या. कवंडळ मी दादरहून नेले. पाटीवालीने मला ओळखले. “अजून नाही उगवलं?” ती म्हणाली.

त्या वर्षी तुडतुडे कमी होते. शेजारच्या शेतांतही कमी होते. वहिनीने फवारणी केली नाही आणि अकरापैकी एकाही कोपऱ्यात पट्टा पडला नाही. मी हे प्राध्यापकांना कळवले. ते म्हणाले, दोन वर्षं ही दोन वर्षंच असतात, मोजत राहायला सांगा. वहिनी मोजते. दर आठवड्याला अकरा कोपऱ्यांत, प्रत्येकी दहा चुडांच्या, म्हणजे भाताच्या ठोंबांच्या, बुंध्याशी, एका वहीत: तुडतुडे एका रकान्यात, कोळी दुसऱ्यात. पाने ती फोटो काढून ग्रुपवर टाकते. सुरुवातीला वरळीचा भाऊ प्रत्येक पानाखाली कोळ्याचे चित्र टाकायचा. आता तो आकडे वाचतो. एका आठवड्याला तिने पान टाकले नाही तेव्हा त्यानेच विचारले, “वहिनी, कोळी कुठे गेले?”

“कोळी आसत,” तिने लिहिले. “मी तापान आसंय.”

“मग दादाला मोजायला लाव,” भावाने लिहिले. चुलतभावाने टेम्पोतून उत्तर दिले की त्याला तुडतुडा आणि कोळी यांतला फरक कळत नाही. आठ पाय मोज, असे काकांनी लिहिले. काका ग्रुपवर सहसा लिहीत नाहीत.

या वर्षीच्या आषाढातल्या बैठकीत “परत बोलू” हा विषय निघाला नाही. भावाने काढला नाही, कोणी त्याला आठवणही करून दिली नाही. जेसीबीवाल्याला त्याने परस्पर नाही सांगितल्याचे काकूकडून कळले.

गणपतीला काका गेले नाहीत. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केला आहे. चतुर्थीच्या सकाळी त्यांनी मला फोन करून माटवीसमोर उभे केले आणि व्हिडिओवर यादी घेतली. बांधण्याचे काम या वर्षी वहिनीने केले. आमच्या घरात माटवी बाईने बांधल्याचे काकांनी याआधी पाहिले नव्हते. ते म्हणाले, “तिरडा जरा डावीकडे घे गो.”

तिने घेतला.

“कवंडळ?”

“फुलां इली, काका. पांढरी, झालरीची. रात्री फुलतत. फळ धरूक नाय.”

मी हे प्राध्यापकांना विचारले होते. कवंडळाच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. दोन्ही वेली नर किंवा दोन्ही मादी निघाल्या तर फूल येते, फळ नाही. त्या कुठल्या आहेत ते फुलामागे गाठ दिसते का यावरून कळते. पहिल्या वेलीच्या फुलांमागे गाठ नव्हती. दुसरी तोपर्यंत फुलली नव्हती.

“मी आणलंय दादरहून,” मी काकांना म्हणालो. पिशवीत एक होते.

“नको,” काका म्हणाले. “जागा मोकळी ठेव.”

वहिनीने मधला दोरा गाठ मारून तसाच सोडला. दादरचे कवंडळ तिने फोडून बिया काढल्या.

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोटो आला. वयली म्हणजे वरची मेर, भेरल्या माडाचा बुंधा, दुसरी वेल. पानाच्या मागे एक फळ होते. सुपारीपेक्षा थोडे मोठे, हिरवे, अंगावर पांढरट रेघा. मी तो फोटो खाली जाऊन काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला आणि वहिनीला फोन लावला.

“पिकेपर्यंत काढू नकोस,” ते म्हणाले.

ती म्हणाली, “नाय काढणंय.”

काल संध्याकाळपर्यंत ते वेलीवर होते.